मोरीतून आलेले पाणी : एका घरमालकाचे आणि भाडेकरूचे प्रकरण

पावसाळ्यात इमारतीत पाणी शिरले की ते दारातून आले, असे बहुतेक जण गृहीत धरतात आणि पहिली धाव उंबऱ्याकडे घेतात. येथे मांडलेल्या प्रकरणात पाणी आधी मोरीतून आले, दारातून बऱ्याच वेळाने आले. घरमालक आणि भाडेकरू यांना एकमेकांवाचून काही करता येऊ नये, असा प्रसंग त्यामुळेच निर्माण झाला. दोघे भले होते, म्हणून त्यांनी मदत केली, एवढे म्हणून हे प्रकरण संपत नाही. वरच्या मजल्यावरचे आणि खालच्या मजल्यावरचे सांडपाणी एकाच नळीतून जात होते, आणि त्या नळीने दोघांचे हित एकत्र बांधलेले होते. हे त्या रात्री दोघांच्याही लक्षात आले आणि पुढचे सगळे व्यवहार त्या समजुतीतून घडले.

इमारत दोन मजल्यांची आहे. वर सत्तरी ओलांडलेले घरमालक आणि त्यांच्या पत्नी राहतात. तळमजल्यावर एक शिक्षिका आपल्या वृद्ध आईसह भाड्याने राहते. ती त्यांना काका म्हणते आणि ते तिला ताई म्हणतात. भाडे वेळेवर दिले जात असे आणि किरकोळ दुरुस्त्या वेळेवर होत असत, यापलीकडे दोन्ही घरांचे फारसे येणेजाणे नव्हते.

घर बांधले तेव्हा तळमजल्याची फरशी रस्त्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच होती. नंतर प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता रस्त्यावर नवा थर चढत गेला आणि ही उंची जेमतेम २० सेंटिमीटर उरली. न्हाणीघराची फरशी खोल्यांपेक्षा ५ सेंटिमीटर खाली होती, म्हणजे मोरीच्या जाळीचे तोंड रस्त्यापासून केवळ १५ सेंटिमीटर उंचीवर होते. अंगणातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकणही साधारण त्याच उंचीवर होते. रस्त्यावर १५ सेंटिमीटर पाणी साचले की घराचे दार कोरडे असतानाच मोरी आणि टाकी या दोन्ही जागा धोक्यात येणार, हे या आकड्यांवरून उघड दिसते. मात्र ते आकडे त्या रात्रीपर्यंत कोणी मांडलेले नव्हते. घरमालकांना जोत्याची मूळ उंची ठाऊक होती. मोरीतून अधूनमधून गुडगुड आवाज येतो, हे भाडेकरूला ठाऊक होते आणि तिने ते महिनाभर आधी कळवलेही होते. पाऊस ओसरल्यावर पाहू, असे उत्तर तिला मिळाले होते. दोघांजवळ असलेली माहिती एकत्र आली असती तर कारण आधीच कळले असते.

त्या रात्री काय घडले

संध्याकाळपासून पाऊस थांबला नव्हता. रात्री उशिरा रस्त्यावर पाणी दिसू लागले तेव्हा भाडेकरूने दाराशी वाळूच्या पिशव्या लावायला घेतल्या. घरमालक जिन्यावरून विजेरी दाखवत होते. त्या दोघांचे लक्ष उंबऱ्याकडे असताना आतल्या खोलीतून आईने हाक मारली, की पायाला ओले लागते आहे. न्हाणीघरातून काळपट, कुबट वासाचे पाणी खोलीत पसरत होते. संडासाच्या भांड्यातली पातळीही वर चढून बुडबुडे येत होते.

पाणी कोठून येते आहे, हे ओळखण्याची खूण येथे सांगितली पाहिजे, कारण पुढचा उपाय तिच्यावर ठरतो. दारातून येणारे पाणी मातकट असते, त्याला ओघ असतो आणि ते उंबऱ्यापासून आत सरकत येते. नळीतून उलटे येणारे पाणी काळसर असते, त्याला गटाराचा वास असतो आणि ते घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे बहुधा न्हाणीघराच्या जाळीतून, प्रथम वर येते. त्याच्या आधी काही वेळ मोरी गुडगुडते, कारण चढणारे पाणी नळीतली हवा बाहेर ढकलत असते. रस्त्याखालची वाहिनी तुडुंब भरली आणि तिच्यातली पातळी आपल्या जाळीपेक्षा वर गेली, की पाणी आपली पातळी गाठण्यासाठी मागे घरात येते. दारात कितीही पिशव्या रचल्या तरी या वाटेला त्यांचा उपयोग नसतो. उलट बाहेरचे पाणी ओसरू लागल्यावर आत साचलेले पाणी याच पिशव्या अडवून धरतात.

घरमालकांनी सर्वप्रथम आईला वर नेण्यास सांगितले. भाडेकरूने आईला जिन्यापर्यंत आणले, तेथून वरच्या काकूंनी हात दिला. सामान उचलण्याआधी माणूस हलवले गेले, हा क्रम योग्य होता. पाण्याची खोली कमी असताना जी वृद्ध व्यक्ती चालत जिना चढू शकते, तिलाच अर्ध्या तासाने उचलून न्यावे लागते.

त्यानंतर वीज. मीटर आणि मेन स्विच जिन्याखालच्या भिंतीवर छातीच्या उंचीला होते. जिन्याची खालची पायरी पाण्यात गेली होती. काका पाण्यात उतरणार इतक्यात भाडेकरूने त्यांना थांबवले आणि वरच्या कोरड्या पायरीवरून हात पोहोचतो का, ते पाहायला सांगितले. हात पोहोचत होता, तो कोरडाही होता. नेमक्या त्याच वेळी तिला अंगणातून पंपाची घरघर ऐकू आली.

"काका, मोटर चालू आहे, आणि टाकीचं झाकण पाण्याखाली गेलंय," ती म्हणाली.

"ती आपोआप चालू होते, ताई. वरची टाकी रिकामी झाली की लागते," काका म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हाच वाटतो. गच्चीवरच्या टाकीतली पातळी घटली की पंप स्वतःहून सुरू होतो, ही सोय एरवी उपयोगाची असते. मात्र खालच्या टाकीत गटाराचे पाणी शिरलेले असताना हीच सोय ते पाणी गच्चीवर चढवते आणि प्रत्येक नळापर्यंत पोहोचवते. पंप ऐकू आला भाडेकरूला, त्याचा अर्थ कळला घरमालकांना. दोघांपैकी एकच जण तेथे असता, तर वरच्या मजल्यावरचे पिण्याचे पाणीही दूषित झाले असते आणि ते सकाळपर्यंत कोणाला कळले नसते. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून हात पोहोचत नसेल, किंवा पाणी फळ्यापर्यंत चढले असेल, तर मात्र तेथे जाऊ नये. अशा वेळी वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीला फोन करून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा आणि तोवर पाण्यात पाय ठेवू नये.

बादलीचे वजन

वीज बंद झाल्यावर मोरी बंद करण्याचा विचार सुरू झाला. घरमालकांनी वरून सांगितले, की जुने कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट भरून जाळीच्या जागी दाबावे आणि वर वजन ठेवावे. भाडेकरूला शंका होती, की रस्त्यावरचे एवढे पाणी एका बोळ्याने कसे अडेल. याचा हिशेब सोपा आहे. बोळ्यावर येणारा जोर रस्त्यावर किती पाणी पसरले आहे त्यावर ठरत नाही. ते जाळीपेक्षा किती उंच चढले आहे आणि तोंड किती रुंद आहे, एवढ्यावरच तो ठरतो. तोंड १० सेंटिमीटर व्यासाचे होते आणि रस्त्यावरची पातळी जाळीपेक्षा जास्तीत जास्त २० सेंटिमीटर वर गेली. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचे वजन सुमारे १.६ किलो भरते. म्हणून त्यावर ठेवलेली १० लिटर पाण्याची भरलेली बादली निवांत बसली. संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली पिशवी दाबली गेली. खोल्यांतले पाणी घोट्यापर्यंत येऊन तेथेच स्थिरावले.

काही वेळाने बादली कलंडली आणि बोळा उडाला. वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश केला होता. फ्लशच्या टाकीतले पाणी एका दमात, साधारण ३ मीटर उंचीवरून, आधीच भरलेल्या नळीत कोसळले. ते लगेच रस्त्याकडे निघून जाऊ शकत नाही, कारण पुढची वाहिनी तुंबलेली असते. त्यामुळे क्षणभर नळीतली पातळी वर चढते आणि तो जोर सर्वांत खालच्या तोंडावर येतो. नळी वरच्या मजल्यापर्यंत भरली असे धरले, तर त्याच १० सेंटिमीटर तोंडावर २३ ते २४ किलोचा भार येईल. प्रत्यक्षात तेवढा आला नसेल, परंतु १० किलोची बादली हलवण्याइतका आला.

भाडेकरूने जिन्यातून हाक मारून काय घडले ते सांगितले. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर चिडून बोलले असते, आणि त्यात अस्वाभाविक काही नव्हते. घरमालकांना प्रथम वाईट वाटले, मग ते गच्चीवर गेले आणि टाकीतून खाली येणाऱ्या नळाचा कॉक बंद करून आले. त्यामुळे वरच्या मजल्यावरचे पाणी थांबले. शिवाय पंपाने मिनिटभरात थोडेफार दूषित पाणी वर चढवले असल्यास तेही नळांत येण्यापासून अडले. रात्रभर वरच्या मजल्यावरच्या तिघांनी, म्हणजे काका, काकू आणि भाडेकरूच्या आईने, भरून ठेवलेल्या एका हंड्यावर आणि झाकणाच्या बादलीवर भागवले. आपल्या घरात पाण्याचा थेंब शिरलेला नसताना खालच्या घरासाठी आपली मोरी आणि संडास बंद ठेवणे, हीच त्या रात्री घरमालकांची सर्वांत ठोस मदत होती. भाडेकरूने खाली राहून दर थोड्या वेळाने बोळा तपासला आणि वाकता न येणाऱ्या काकांच्या वतीने अंगणातल्या चेंबरवर नजर ठेवली. चेंबरमधली पातळी उतरू लागली, की रस्त्याखालची वाहिनी मोकळी होते आहे, असे समजता येत होते. पहाटे ती उतरली. तेव्हा तिने आधी दारातल्या पिशव्या बाजूला केल्या आणि मग बोळा काढला.

नंतरचे आठवडे

पाणी ओसरल्यावर दोघांनाही घाई होती, पण त्यांच्या घाईची दिशा वेगवेगळी होती. भाडेकरूला घर राहण्याजोगे हवे होते, घरमालकांना रंगारी लावून खुणा पुसून टाकायच्या होत्या. कोणतीही वस्तू हलवण्याआधी प्रत्येक भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ आखून छायाचित्रे घ्यावीत, हे भाडेकरूने सुचवले. ही सूचना घरमालकांना क्षणभर खटकली, कारण ती पुराव्याची तयारी वाटली. ती पुरावा होतीच, पण दोघांसाठी. इमारतीच्या विम्यासाठी त्यांनाही तीच छायाचित्रे लागणार होती. शिवाय कोठपर्यंत प्लॅस्टर खरवडायचे, हेही त्या रेघेवरूनच ठरणार होते. भिंत पाण्याच्या रेघेच्या पुष्कळ वरपर्यंत ओल शोषून घेते, त्यामुळे रेघ हा मोजणीचा आरंभ ठरतो, ओलीची सीमा ठरत नाही.

विजेच्या बाबतीत घरमालकांनी कडक भूमिका घेतली आणि ती योग्य होती. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर होते, म्हणून ते कोरडेच असतील, असा भाडेकरूचा समज होता. परंतु फरशीतून जाणाऱ्या नळ्यांत पाणी साचून राहते आणि ते बाहेरून दिसत नाही. वायरमनने मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने तपासले तेव्हा तळमजल्याच्या एका सर्किटचे इन्सुलेशन १ मेगाओहमपेक्षा बरेच खाली आले होते. १ मेगाओहम ही किमान मर्यादा आहे, तिच्याखाली पुरवठा सुरू करू नये. ते सर्किट वेगळे करून बाकीचे सुरू केले गेले. दरम्यान विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीच्या संरक्षणाखाली वरच्या घरातून एक जोडणी खाली आणून पंखे चालवले गेले. त्या विजेचे बिल घरमालकांनी आपल्याकडेच ठेवले.

खालच्या टाकीचे काम सर्वांत जपून करावे लागले. ती उपसून घासण्यासाठी माणसे बोलावली होती. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय कोणीही आत उतरायचे नाही, आत माणूस असेपर्यंत तोंडाशी दुसरा उभा राहिलाच पाहिजे आणि इंजिनवर चालणारा पंप टाकीत किंवा घरात कधीही ठेवायचा नाही, हे नियम पाळले गेले. गटाराच्या गाळातून विषारी वायू सुटतात आणि इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंदिस्त जागेत हे दोन्ही माणसाला सावध होण्याची संधी देत नाहीत. टाकी ५,००० लिटरची होती. घासून झाल्यावर ती स्वच्छ पाण्याने भरून लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडेल अशा बेताने सुमारे पाऊण किलो ताजी ब्लीचिंग पावडर मिसळली आणि ते पाणी दिवसभर तसेच ठेवले. मग ते सगळे उपसून टाकून टाकी पुन्हा भरली गेली. गच्चीवरच्या टाकीलाही हीच प्रक्रिया लागली. ब्लीचिंग पावडर जुनी असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि वजन बरोबर असूनही काम होत नाही. डब्यावरची तारीख भाडेकरूने पाहिली म्हणून आधी आणलेला डबा परत गेला.

भाडेकरूच्या टाचांना भेगा होत्या आणि ती रात्रभर त्या पाण्यात उभी होती. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा भेगांतून शरीरात जातात. काकूंनी आग्रह धरून दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळी दिली आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा पोटऱ्यांत दुखणे जाणवल्यास पाण्याशी आलेला संबंध आवर्जून सांगण्यास बजावले. या आजाराची लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, त्यामुळे रुग्णाला त्या रात्रीची आठवणही राहत नाही आणि निदान चुकते. तिला ताप आला नाही.

रंगाचा प्रश्न मात्र लांबला. घरमालकांच्या हाताला भिंत कोरडी लागत होती. भाडेकरूने भिंतीवर हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेले होते. भिंत वरून सुकते, आतून आठवडेच्या आठवडे ओली राहते. अशा भिंतीवर रंग दिला की पापुद्रे सुटतात आणि क्षार फुटून पांढरी पूड दिसू लागते. दव धरणे थांबेपर्यंत रंगकाम थांबवायचे ठरले. काकांनी ते मान्य केले, तरी मनातून त्यांना ते पटायला आणखी दोन तुकडे चिकटवावे लागले.

पैसा आणि लेखी नोंद

भाडेकरू आणि तिची आई घर वापरण्याजोगे होईपर्यंत वरच्या मजल्यावरच राहिल्या. या काळाचे भाडे घेऊ नये, असे घरमालकांनीच ठरवले. इमारतीला जोडलेले सारे, म्हणजे प्लॅस्टर, वायरिंग, टाकी आणि नळ्या, यांचा खर्च त्यांनी उचलला. भिजलेल्या गाद्या, पुस्तके आणि फ्रिज यांचा भार भाडेकरूने सोसला. ही विभागणी सामान्यतः वाजवी मानली जाते, परंतु या प्रकरणात एक अडचण होती. मोरीच्या गुडगुडीची सूचना आधी दिली गेली होती, आणि तेव्हाच उपाय झाला असता तर नुकसान कमी झाले असते, असे म्हणायला तिला आधार होता. तिने हा मुद्दा लपवला नाही, त्यावरून भांडणही केले नाही. काकांनी आपली दिरंगाई मान्य केली आणि फ्रिजच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च दिला. माझ्या मते येथे दोघांचा मोकळेपणा त्यांच्या चांगुलपणाइतकाच उपयोगी ठरला. न बोललेली तक्रार पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुरत राहिली असती आणि त्या वेळी जिन्यातून मारलेली हाक कोणी ऐकली नसती.

कायमचा उपाय म्हणून अंगणातल्या शेवटच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवण्यात आली. बाहेरची पातळी चढली की तिचे पान आपोआप मिटते. खर्च घरमालकांचा होता. मात्र त्यांना वाकता येत नसल्यामुळे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात अधूनमधून पान साफ करण्याचे काम भाडेकरूने स्वतःहून घेतले. केसांचे गुंतवळ, चिंधी किंवा साबणाचा थर अडकून पान अर्धवट उघडे राहणे, हेच या झडपांच्या अपयशाचे नेहमीचे कारण असते, त्यामुळे हे काम बसवण्याच्या खर्चाइतकेच महत्त्वाचे आहे. पंपाला स्वयंचलित यंत्रणेआधी हाताने बंद करायचा एक स्विच वरच्या मजल्यावर दिला गेला आणि टाकीचे तोंड विटांनी उंच केले गेले. हे सारे भाडेकराराला जोडलेल्या एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. रस्त्याची उंची त्या पानात आलेली नाही, कारण ती दोघांच्याही हाताबाहेर आहे. पाणी उंबऱ्याच्या बरेच वर चढले तर झडपेचा उपयोग होणार नाही आणि वीज बंद करून वर जाणे एवढेच उरेल, हे मात्र तेथे स्पष्ट लिहिलेले आहे.

पुढच्या पावसाळ्यात झडप पहिल्यांदा मिटली तेव्हा बाहेरचे पाणी आत आले नाही, पण न्हाणीघरात बोटभर स्वच्छसर पाणी साचले. मिटलेल्या झडपेमुळे वरच्या घरातले पाणीही इमारतीतच अडकते आणि सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते. काकांनी गच्चीवरचा कॉक वेळेवर बंद केला होता, परंतु फ्लशच्या टाकीत एका वेळेचे पाणी शिल्लक होते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना काही ठाऊक नव्हते. आता त्या पानावर आणखी एक ओळ वाढवली आहे: चेंबरमधली पातळी चढताना दिसली की भाडेकरूने वर फोन करायचा, वरच्या घराने कॉक बंद करून फ्लशची टाकी लगेच रिकामी करायची आणि पातळी उतरल्याचा फोन येईपर्यंत संडासाचे दार बाहेरून लावून ठेवायचे.